आईच्या चालण्याचा व्हिडिओ

माझा धाकटा भाऊ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पहिलं वाक्य हेच ऐकवतो, "आमचा शॉट हलत न्हाई." वारंगा फाट्यावर त्याचं दुकान आहे. एका बाजूला मोबाईलची कव्हरं आणि चार्जर, दुसऱ्या बाजूला लग्नाचे रील काढून मिळतील असा बोर्ड, त्यावर त्याचाच फोटो, हातात गिंबल धरलेला. शॉट हलत नाही हे खरं आहे, त्यात मी खोट काढत नाही. पण मिरवायचं कशाला एवढं? गिंबल म्हणजे फोन अडकवायचा दांडा, त्यात तीन बारक्या मोटरी असतात. हात एकीकडं कलला की मोटर फोनला तेवढंच उलट फिरवते. म्हणजे कष्ट मोटरीचे आणि मिशीला पीळ ह्याचा.

मी हे सांगते, कारण माझंही पोट ह्याच कामावर आहे. मला दिलं वसमतला. हळद, बांगड्या भरणं, डोहाळजेवण असल्या बायकांच्या कार्यक्रमाला लोकांना व्हिडिओ काढणारी बाई लागते, तर मला बोलावतात. भावाला ते खुपतं. एकदा पूर्णा रोडच्या एका घरी त्यानं सांगितलं, "आक्काचं काम जुन्या पद्धतीचं हाय, हातात धरून काढती ती." त्याच घरच्या बाईनं मला ते जसंच्या तसं येऊन सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. पण खरं भांडण त्याच्यावरून नाही, आईवरून झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही.

शिकलो मात्र आम्ही दोघं एकाच अंगणात, कुरुंद्याला, माहेरच्या घरी. तेव्हा गिंबल कुणी पाहिलेलं नव्हतं. चालत चालत फोनवर शूटिंग करायचं तर चालणंच बदलावं लागतं. गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, आधी टाच टेकवायची, मग तळपाय हळूच पुढं लोळवत न्यायचा, पाऊल जमिनीपासून फार उचलायचं नाही. फोन दोन्ही हातांत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. काठोकाठ पाण्यानं भरलेलं फुलपात्र हातात घेऊन आम्ही अंगणात येरझारा घालायचो. ज्याचं पाणी सांडलं त्यानं झाडून काढायचं. आई ओसरीवर शेंगा फोडत बसायची आणि म्हणायची, "चोर बी एवढं जपून चालत न्हाई रे."

पुढं दोघांनी गिंबल घेतलं. घेतल्यावर लोकांना वाटतं की आता पळत सुटलं तरी चालतंय. अजिबात नाही. फोन वाकडा होणं, फिरणं, हाताची थरथर हे गिंबल सांभाळतं. पण तुम्ही दाण्‌दाण पावलं टाकली तर आख्खं चित्र वरखाली उसळतं, ते त्या मोटरींच्या हातात नाही. ते गुडघ्यांनीच जिरवायचं. भावाचं चालणं ह्यात पक्कं आहे, माझ्यापेक्षाही पक्कं. कामात तो हुशार आहे, हे मी रागातसुद्धा नाकारत नाही.

आई त्याच्याकडंच, कुरुंद्याच्या घरी राहायची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दोन हिवाळ्यांमागं तिचं चालणं बिघडायला लागलं. पाय फाकवून टाकायची, आणि पाऊल उचलेचना, फरशीला चिकटल्यागत घासत न्यायची. वळायचं म्हटलं की जागच्या जागी बारकी बारकी पावलं टाकत राहायची. दोनदा न्हाणीत पडली. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं. मग चहा घेऊन झाल्यावर विचारायची, चहा काहून दिला न्हाई मला?

मी फोन केला की भावजय कामांचा पाढा वाचायची. धुणं किती, चादरी किती. तिची तकलीफ मला दिसत होती, मी काही डोळे मिटून नव्हते. पण एकदा ती बोलून गेली, "वन्स, खरं सांगू का? तुमी आल्या की जास्तीच करतात त्या. मुद्दाम."

"मुद्दाम अंथरूण ओलं करतंय का कुणी?" मी म्हणाले.

तिनं फोन भावाकडं दिला. भावाचं म्हणणं आणखीच पुढचं. म्हणाला, "आक्का, तू नीट बघ एकदा. शूटिंगला आपण चालतो ना, बराबर तशीच चालून राहिली ती. गुडघे वाकवून, पाय न उचलता. आपली नक्कल करती. सोंग हाय सगळं. लक्ष वेधून घ्यायचं, दुसरं काय?"

मला इतका राग आला की मी फोनच ठेवून दिला. स्वतःच्या आईला सोंगाडी म्हणतो हा. आणि सर्वांत वाईट म्हणजे, वरवर बघितलं तर ते खरं वाटायचं. आम्ही पाणी न सांडता चालायचो तशीच ती चालत होती. फरक एवढाच की आम्हाला पाऊल उचलायचं नसायचं, आणि तिला उचलताच येत नव्हतं.

वसमतच्या आमच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, नांदेडला त्यांच्या ओळखीचे मेंदूचे डॉक्टर आहेत, त्यांना आधी चालण्याचा व्हिडिओ पाठवा, तो बघून ते सांगतील घाईनं आणायचं का. व्हिडिओ कसा पाहिजे तेही त्यांनी सांगितलं. डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग दिसलं पाहिजे, समोरून आणि बाजूनं, वळताना काय होतं तेही. कुणी हात धरायचा नाही. काटछाट करायची नाही. हे सगळं मी भावाला लिहून पाठवलं आणि विनंती केली. हो, विनंती केली, मी थोरली असून. मला दोन हळदी होत्या, जाता येत नव्हतं.

भाऊ म्हणाला होता, "डॉक्टर बोलवत असतील तर मी आणतो. पन उगीच हेलपाटे मला जमनार न्हाईत." म्हणजे आता सगळं त्या व्हिडिओवर होतं. आईला उपचार मिळायचे की सोंगाडी म्हणवून घेत कोपऱ्यात पडून राहायचं, ते त्यावर ठरणार होतं.

त्यानं व्हिडिओ काढला, वसमतच्या डॉक्टरांकडं पाठवला आणि घरच्या ग्रुपवरही टाकला. मी लावून बघितला. काय सुंदर काढला होता! सकाळचं ऊन, आईचं हिरवं लुगडं, मागचं सगळं धूसर. आई हळूहळू पुढं येतेय, चेहऱ्यावर जरा हसू. सगळं असं संथ की देवीची पालखी येतेय असं वाटावं. खाली चुलत्यांनी हात जोडलेले, मावशीनं लिहिलेलं, "बाई किती छान दिसायली." लगेच दुपारी भावाचा मेसेज आला, "नांदेडचे डॉक्टर म्हनाले वयाचं हाय. टेन्शन घेऊ नका."

झालं. विषय संपला त्याच्यापुरता.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघितला. भावानं गिंबलला आईच्या मागं लावलं होतं. तसली सोय असते त्यात, माणसाला फोनच्या पडद्यावर बोटानं निवडायचं, मग तो माणूस जिकडं सरकेल तिकडं गिंबल आपोआप वळतं आणि त्याला चित्राच्या मधोमध ठेवतं. नवरी मांडवात येते तेव्हा फार कामाचं. पण आई डावीकडं झुकली की फोन डावीकडं वळलेला, उजवीकडं झुकली की उजवीकडं. मग तिचा झोक दिसणार कसा? तो मागच्या भिंतीवरून कळला असता, तर भिंत धूसर. कंबरेखालचं फक्त पहिल्या दोन सेकंदांत दिसलं, पुढं सगळं जवळून. वळणं तर साफ कापलेलं. आणि वेग थोडा बदललेला, त्यामुळं पावलांचं अडखळणं विरघळून गेलं होतं. आमच्या धंद्यात हेच करतात. लंगडा काका असला तरी त्याला रुबाबात चालवायचं, आडदांड नवरदेवाला हिरो करायचं. बघणारा खूश झाला पाहिजे. त्यानं आईचीही तीच सेवा केली होती.

मग मी वसमतच्या डॉक्टरांना विचारलं, नांदेडहून नक्की काय आलं? त्यांनी मेसेज वाचून दाखवला. वयाचं असू शकतं, पण ह्यात पाय दिसत नाहीत, वळणं दिसत नाही, असं लिहिलेलं होतं. तोच मेसेज त्यांनी भावालाही पाठवला होता, त्यानं त्यातलं अर्धंच ग्रुपवर टाकलं होतं. आईला सोंगाडी म्हणायचं आणि कापाकापी स्वतः करायची, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी संध्याकाळची हळद उरकली आणि दुसऱ्या दिवशी कुरुंद्याला गेले.

माझं गिंबल तेव्हा बंद होतं. एका हळदीत पोरींनी नवरीवर घागरी ओतल्या, त्यातली निम्मी घागर माझ्या हातावर आली आणि मोटरी गेल्या. म्हणून मी भावाकडं त्याचं मागितलं. तो दुकानाला निघायच्या तयारीत होता.

"मला वरात हाय," तो म्हणाला.

"संध्याकाळी हाय ना वरात? आता सकाळ हाय."

"आक्का, एकदा काढलाय ना व्हिडिओ? डॉक्टर बोलले ना? तुला फक्त मला खोटं पाडायचं हाय."

"तू काढला तो व्हिडिओ न्हाई, जाहिरात हाय," मी म्हणाले. "आईची जाहिरात करायची व्हती का तुला? कुठं द्यायची हाय तिला?"

भावजय मधे पडली, "वन्स, सकाळी सकाळी दारात नका." भावानं गिंबलची बॅग खांद्याला लावली, गाडीला किक मारली आणि गेला. आई ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. तिला किती कळलं मला माहीत नाही.

गेला तर गेला. डॉक्टरला पाहिजे होतं त्यातलं निम्मं गिंबलशिवाय होण्यासारखं होतं. आई समोरून चालत येणार आणि मी जागेवर उभी, तर मोटरी कशाला? कोपरं बरगड्यांना लावायची, पाठ खांबाला टेकवायची, श्वास धीमा, बाकीचं फोनमधलं स्टेबिलायझेशन, म्हणजे चित्र हलू न देणारी सोय, करतं. फक्त ते चित्र सावरायला चारी बाजूंच्या कडा थोड्या कापून घेतं, म्हणून पाय आणि डोकं कापलं जाऊ नये इतकं मागं उभं राहायचं. आणि फोन फिरवायचा नाही. फिरवला की ते आधी चित्र धरून ठेवतं आणि मग एकदम झटक्यानं सोडतं. वळणाऱ्यानं वळावं, आपण ढिम्म राहावं.

पहिला शॉट मी ओसरीतच घेतला आणि वाया गेला. ओसरी अंधारी. कमी उजेडात फोनला प्रत्येक चित्र घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात हात हलला की ते चित्रच पुसट होतं. मग स्टेबिलायझेशननं चौकट कितीही सावरली तरी आतला पुसटपणा जात नाही, उलट तो थरथरल्यासारखा दिसतो. मला तर आईचं डगमगणं आणि माझ्या हाताची थरथर वेगळी दाखवायची होती. ऊन पाहिजे होतं आणि लांब सपाट जागा.

शेजाऱ्यांच्या घराला लागून हळद वाळवायचं सिमेंटचं खळं आहे. शिजवलेली हळद पसरलेली होती, पण एका कडेनं लांब पट्टी मोकळी होती. खळ्याच्या लाद्यांचे जोड सरळ रेषांसारखे दिसत होते. त्या रेषांवर आईचं पाऊल किती लांब पडतं, सरळ जाते की तिरपी, हे आपोआप कळणार होतं. मी आईला तिथं नेलं. हळद परतणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

"मला काहून आनलं इथं?" आई म्हणाली. "लोकाला दाखवाया आनलं का?"

"लोकाला न्हाई, डॉक्टरला."

"डॉक्टर म्हनला ना वयाचं हाय. पोरगं सांगून राहिलं."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं, पण ओरडून तिचा पाय उचलला जाणार नव्हता. मी भावजयीला म्हणाले, तू हिच्या मागं हातभर अंतरावर चाल, हात लावू नको, पडायला लागली तरच धर. भावजय म्हणाली, "गावासमोर तमाशा हाय हा, मी न्हाई उभी राहत." आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मग काय तिच्या मनात आलं देव जाणे, पदर खोचून परत आली आणि आईच्या मागं उभी राहिली. तोंड मात्र आंबलेलंच होतं. मीही तिला आभार बिभार म्हटले नाहीत.

समोरचा शॉट बरा आला. मग बाजूचा. त्याच्यासाठी मला आईच्या बरोबरीनं, तिच्यापासून सारखं अंतर राखून चालणं भाग होतं, हातात नुसता फोन. रुंद लेन्स लावली, त्यात हिसके कमी दिसतात. गुडघे वाकवले आणि चालायला लागले. लग्नात मी शेकडो वेळा अशी चालले आहे, पण माणसाच्या चालीनं. आईची चाल तशी नव्हतीच. इतक्या हळू चालताना तोल राहत नाही, टाच टेकवून तळपाय लोळवायला पुढं जागाच उरत नाही. मग मीही तिच्यासारखं केलं. पाय फाकवले, घासत घासत पाऊल सरकवायला लागले. माझी पावलं माझ्या मर्जीनं घासत होती. तिची तशी नव्हती. पुढं जायचं म्हणून तिचं अख्खं अंग झुकायचं आणि पाय मागंच राहायचे. मला भीती वाटली, खरंच भीती वाटली, आणि मी फोनच्या पडद्यावर डोळे ठेवून चालत राहिले.

पट्टीच्या टोकाला ती वळायला लागली. मी थांबले, फोन धरून ढिम्म. ती जागच्या जागी चिमणीसारखी पावलं टाकत राहिली, टाकत राहिली, अर्ध्यात मागं झुकली आणि भावजयीनं तिला दोन्ही हातांनी धरलं. सगळं चित्रात होतं. तेवढ्यात मागून गाडीचा आवाज आला. भाऊ परत आला होता, काहीतरी विसरलं होतं म्हणे. त्यानं गाडी स्टँडला लावली आणि तरातरा आईकडं गेला, तिचा दंड धरला.

"सोड तिला," मी म्हणाले.

"पडली असती ती."

"मग पडताना दिसू दे. तुझ्या व्हिडिओत पडत न्हाई ती, तिथं नवरी हाय."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की आता हात उचलतो का काय. उचलला नाही. हळद परतणाऱ्या बायका पुन्हा हळद परतायला लागल्या. मी व्हिडिओ बघितला. पावलागणिक थोडा डुलत होता, कडा कापलेल्या होत्या, ऊन इतकं कडक की आईचं तोंड पांढरं पडलेलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात कुरूप व्हिडिओ. वसमतच्या डॉक्टरांकडून नंबर घेऊन तो मी जसाच्या तसा नांदेडला पाठवला.

त्याच दिवशी वसमतच्या डॉक्टरांचा फोन आला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलंय, उशीर करू नका, घेऊन या. फाकलेली, चिकटलेली पावलं, वळतानाचा गोंधळ, लघवी, विसरणं, हे सगळं एकत्र असलं की डोक्यात पाणी साठण्याची शंका येते म्हणे. साधं वय नाही. मी ग्रुपवर तो निरोप पूर्ण टाकला, एक शब्द न कापता. त्याच्याखाली कुणीच हात जोडले नाहीत.

नांदेडला डोक्याचा फोटो काढला तर खरंच मेंदूतल्या पोकळ्या पाण्यानं फुगलेल्या होत्या. डॉक्टरांनी समजावलं. आधी पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून बघायचं. त्यानं चालणं सुधारलं तर ऑपरेशन करून बारीक नळी बसवायची, ते पाणी कायमचं निघत राहतं. नाही सुधारलं तर ऑपरेशनचा फारसा उपयोग नाही. म्हणून पाणी काढायच्या आधीचा आणि नंतरचा, एकाच जागेचा, एकाच तऱ्हेनं काढलेला व्हिडिओ लागणार होता.

जागा म्हणजे दवाखान्याचा लांब पॅसेज, मिणमिणती ट्यूब, खिडकी नाही. तिथं नुसत्या फोनचं स्टेबिलायझेशन चालणार नव्हतं, हे मला कळत होतं आणि भावालाही. आई समोरून येत असताना उलटं चालायचं तर गिंबलच पाहिजे, म्हणजे फोन हाताबरोबर हलत नाही, पुसटपणा त्यानंच कमी होतो. भावानं आणलेलं होतं. मी हात पुढं केला.

"माझ्या गिंबलला दुसऱ्याचा हात न्हाई लागत," तो म्हणाला.

"मग तू काढ. पन आईच्या मागं लावायचं न्हाई ते. दिशा कायम ठेव. पाय दिसले पाहिजेत. काटछाट न्हाई."

"मला शिकवू नको."

"तुलाच शिकवायची वेळ आली हाय," मी म्हणाले. नर्सनं आम्हाला दोघांना गप्प बसवलं.

सकाळचा व्हिडिओ त्यानं काढला, मी आईच्या मागं हातभर अंतरावर चालले. तो बराबर काढला, खोटं कशाला बोलू. मग तिचं पाणी काढलं, काही वेळ तिला आडवं झोपवलं. आम्ही दोघं बाहेर बाकड्याच्या दोन टोकांना बसलो. भावजयीनं दिलेला डबा मधे तसाच पडला होता. त्याला काय वाटत होतं मला ठाऊक नाही. मला वाटत होतं, सुधारली नाही तर हा म्हणेल, बघ, मी सांगत होतो.

दुपार कलल्यावर नर्सनं आईला उठवलं. भाऊ पॅसेजच्या मधे उभा राहिला, गिंबल चालू केलं. मी मागं. आई खाटेवरून उतरली, लुगडं सारखं केलं आणि निघाली. पहिल्याच पावलाला तिची टाच जमिनीवरून उचलली. मी बघितलं ते. टाच उचलली, मग दुसरी. पाय जवळ जवळ पडत होते. तिचं अंग मागं राहत नव्हतं. भाऊ उलटा मागं मागं सरकत होता, आणि सकाळपेक्षा त्याला भरभर सरकावं लागत होतं. पॅसेजच्या टोकाला ती वळली, चार पावलांत वळली, आणि परत आली. डॉक्टर दारात उभे होते, ते म्हणाले, बस, पुरे झालं.

आई थांबली नाही. ती भावाच्या समोर जाऊन उभी राहिली. फोन तिच्या तोंडासमोर होता. कितीतरी महिन्यांनी तिचे डोळे नीट माणसावर ठरलेले दिसले.

"मी सोंग करती म्हनत व्हतास ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सगळं ऐकलंय मी. ह्ये बी सोंगच हाय. काढ नीट."

आणि वळून पुन्हा चालायला लागली. भाऊ तिच्या मागं मागं गेला, गिंबल समोर धरून, पॅसेजच्या टोकापर्यंत. मी त्याच्या पाठीमागं होते. त्याचे खांदे गदगदत होते आणि हात लटपटत होते.

ऑपरेशन करायचं ठरलं. डॉक्टरांना व्हिडिओ त्यांच्या फोनवर पाहिजे होता, भावानं तो आधी माझ्याकडं पाठवला, कारण डॉक्टरांचा नंबर माझ्याकडं होता. मी बाकड्यावर बसून बघितला. चित्र जरासुद्धा हललेलं नव्हतं. आई सरळ चालत होती, पाऊल दिसत होतं, भिंतीची रेघ दिसत होती. हाताची लटपट मोटरींनी सगळी खाल्ली होती. फक्त आवाजात एक मोठा माणूस हुंदके देत होता, आणि त्याच्या आधी आईचं ते वाक्य होतं, स्वच्छ.

भाऊ समोर येऊन उभा राहिला. "त्यांना चालनंच पाहिजे ना," म्हणाला. "आवाज काढून टाक आक्का. मग पाठव."

मी आवाज काढला नाही. तसाच पाठवला.